आमची वाटचाल : ३.४चा रोआस आणि रिकामा गल्ला

कराडजवळच्या आमच्या गावात सासूबाई उन्हाळ्यात शेजारपाजारच्यांना कांदा-लसूण मसाला करून द्यायच्या. २०१९ साली मी त्याच मसाल्याची अर्धा किलोची पाकिटं करून विकायला लागले. सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे पुण्या-मुंबईचे पाहुणे आणि त्यांच्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप. मग वेबसाइट झाली आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती सुरू झाल्या. तो सगळा भाग सरळ आहे. लिहायचंय ते त्यापुढच्या एका नोव्हेंबरबद्दल.

त्या महिन्यात आम्ही जाहिरातींवर १ लाख २० हजार रुपये घातले. जाहिरातींच्या डॅशबोर्डवर ६८० ऑर्डरी आणि ४ लाख ८ हजारांची विक्री दिसत होती. म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे ३ रुपये ४० पैसे परत, रोआस ३.४. आमच्या जाहिराती बघणाऱ्या मुलाने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, बजेट वाढवूया." मीही खूश होते. डंकावर दोन बायका जास्तीच्या लावल्या होत्या, मिरचीची देठं काढायला जागा पुरत नव्हती. आणि महिनाअखेरीला जाहिरातीचं क्रेडिट कार्डाचं बिल भरायला दिराकडून ४० हजार उसने घ्यावे लागले. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "अगं, एवढा माल गेला, मग पैसं कुठायत?"

माझं गणित तेव्हा असं होतं. सरासरी ऑर्डर ६०० रुपयांची, म्हणजे एक किलो मसाला. मिरची, खोबरं, तीळ, धणे, तेल, कांडप आणि मजुरी धरून किलोला २५५ रुपये खर्च. उरले ३४५. शंभराला साडेसत्तावन्न रुपये सुटतात म्हटल्यावर रोआस पावणेदोनच्या वर गेला की नफाच, आणि आमचा तर त्याच्या दुप्पट! हे गणित चूक नव्हतं, अर्धवट होतं. कांडपाच्या पुढे मसाला गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत काय काय लागतं, ते मी "इतर खर्च" म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर ढकललं होतं. पण तो इतर खर्च नव्हताच. तो प्रत्येक ऑर्डरीला चिकटलेला होता, ऑर्डरी वाढल्या की तोही तितकाच वाढायचा.

एका रविवारी मी कुरिअरची बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि ऑर्डरींची यादी घेऊन जमिनीवरच बसले. ६०० रुपयांत ५ टक्के जीएसटी आतच होता, म्हणजे हातात ५७१. त्यातून मसाल्याचे २५५, पाकीट-खोका-लेबलाचे २८ आणि कुरिअरचे ८८ गेले. कुरिअरचा आकडा एवढा का, तर आमचा खोका ३० बाय २० बाय १५ सेंटीमीटरचा. कुरिअरवाला लांबी, रुंदी, उंची गुणून ५०००ने भागून वजन धरतो, ते येतं १.८ किलो, आणि वजनकाट्यावर सव्वा किलो भरलेलं पार्सल दोन किलोच्या दराने जातं. आम्ही दर खेपेला पाऊण किलो हवा पाठवत होतो. पैसे आधी भरलेली ऑर्डर असेल तर पेमेंटवाल्याचे १२ रुपये, घरपोच पैसे देणारी, म्हणजे सीओडी असेल तर कुरिअरचे आणखी ३५. म्हणजे जाहिरातीच्या आधी सुटणारी रक्कम ३४५ नव्हती. आधी पैसे भरलेल्या ऑर्डरीत ती १८८ होती आणि सीओडीत १६५.

खरा खड्डा सीओडीतच होता. ६८० पैकी ४४० ऑर्डरी सीओडीच्या, आणि त्यातल्या ११० परत आल्या. कुणी फोनच उचलला नाही, कुणी "मी मागवलंच नाही" म्हणालं, कुणी गावाला गेलेलं. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचा जाण्याचा, येण्याचा आणि खोक्याचा मिळून १९१ रुपयांचा भुर्दंड. मसाला सीलबंद परत येतो हे आमचं नशीब, लोणचं असतं तर तेही गेलं असतं. गंमत म्हणजे या ११० ऑर्डरी डॅशबोर्डवर विक्री म्हणूनच उभ्या होत्या. गिऱ्हाइकाने बटण दाबून "धन्यवाद"चं पान उघडलं की तिथे ६०० रुपये जमा होतात. पुढे पार्सल परत आलं, तर ते डॅशबोर्डला कोण सांगणार? आम्ही सांगितलं नाही, म्हणून त्याने वजा केलं नाही.

सगळं वजा केल्यावर जाहिरातीसाठी उरलेली रक्कम निघाली सुमारे ७८ हजार ८००, आणि आम्ही घातले होते १ लाख २० हजार. ४१ हजारांचा खड्डा, तोही जागेचं भाडं आणि माझा पगार शून्य धरून. आता हे ७८ हजार ८०० डॅशबोर्डवरच्या ४ लाख ८ हजारांच्या जवळपास १९ टक्के होतात. १०० भागिले १९.३ म्हणजे ५.२. आमचा रोआस ५.२च्या वर गेला तरच जाहिरातीचा पैसा वसूल होणार होता, आणि आम्ही ३.४वर पेढे वाटत होतो.

"पहिल्या ऑर्डरीत तोटा चालतो ताई, लोक परत मागवतात," असं तो मुलगा म्हणाला. त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. जुनं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर सांगतं आणि यूपीआयने पैसे पाठवतं, त्या ऑर्डरीत साधारण २०० रुपये सुटतात. पोचलेल्या ५७० ऑर्डरींत आमचा प्रत्येकी ७२ रुपये तोटा, म्हणजे शंभरातल्या छत्तीस जणांनी एकदा जरी परत मागवलं तरी फिटंफाट. मी सहा महिने वाट पाहून मोजलं. ९७ जणांनी परत मागवलं, शंभराला सतरा. किलोभर मसाला चौकोनी कुटुंबाला तीन-चार महिने सहज जातो. कार्डाचं बिल मात्र पुढच्याच महिन्यात येतं.

आणखी एक गोष्ट त्या यादीतच सापडली. त्याआधी आम्ही महिन्याला ३० हजार घालायचो तेव्हा विक्री १ लाख ३८ हजार होती, रोआस ४.६. बजेट चौपट केल्यावर तो ३.४वर आला, फार काही पडला नाही असं वाटलं. पण वाढवलेल्या ९० हजारांनी आणलेली विक्री २ लाख ७० हजार, म्हणजे त्या पैशाचा रोआस फक्त ३. सरासरीत चांगल्या ३० हजारांनी वाईट ९० हजारांना पांघरूण घातलं होतं.

मग आम्ही खोका लहान केला, २२ बाय १६ बाय १२चा. दोन पाकिटं नीट बसतात, पार्सल दीड किलोच्या दरात जातं. सीओडीला ५० रुपये आगाऊ घ्यायला लागलो. ऑर्डरी पटकन कमी झाल्या, मी दोन रात्री झोपले नाही, पण परत येणारी पार्सलं शंभरातली पंचवीस होती ती नऊवर आली. सवलतीचे कूपन बंद केले. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आमच्या मालावर ५, त्यामुळे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कागदावर साचत राहतं आणि सेवांवरच्या त्या क्रेडिटचा परतावा मिळत नाही. सीएंनी हे दाखवल्यापासून तेवढी साचणारी रक्कमही मी खर्चातच धरते.

आता महिन्याला ३५ हजारांच्या जाहिराती असतात, रोआस चारच्या आसपास. डंकाच्या खोलीत एक पाटी टांगलीय. तिच्यावर तोटा न होण्याचा आकडा खडूने लिहिलेला असतो. मागच्या हंगामात तो ३.६ होता. यंदा ब्याडगी मिरची महाग पडली. पोती उतरवून झाल्यावर हमालांचे पैसे दिले, मग पाटीवरचा आकडा पुसून ३.८ लिहिला आणि त्या मुलाला फोटो पाठवला.