शीर्षकाची जागा शेवटी भरा

तुम्ही विचारलंत म्हणून: “इंग्रजी लेखाचं शीर्षक आणि मेटा डिस्क्रिप्शन आम्ही अगदी शुद्ध मराठीत करतो. तरी गुगलवरून कुणी येतच नाही. तुम्ही वेगळं काय करता?”

मी लेखाचं भाषांतर करते, शीर्षकाचं करत नाही. ती जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवते आणि ज्याला हा लेख हवा आहे तो माणूस फोनमध्ये नेमकं काय लिहितो, ते आधी शोधते. एकच उदाहरण सविस्तर सांगते.

मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. त्यासाठी PT-3 नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणायचा होता. मूळ शीर्षक असं:

```
Pune Property Tax: How to Claim 40% Rebate on Self-Occupied Homes
```

याचं सरळ भाषांतर होतं ‘पुण्यातील स्व-व्याप्त घरांच्या मालमत्ता करावरील ४०% सवलतीचा दावा कसा करावा’. व्याकरणात खोट काढायला जागा नाही. पण ‘स्व-व्याप्त’ हा शब्द कुठल्याच घरात बोलला जात नाही आणि सवलतीचा कुणी ‘दावा’ करत नाही, लोक सवलत लावून घेतात. ‘मालमत्ता कर’ हे मुंबईत चालतं. पुण्यात महापालिकेचा असतो तो मिळकतकर, आणि गावी ग्रामपंचायतीची असते ती घरपट्टी. कर तोच, पण जो शब्द माणसाच्या तोंडात आहे तोच तो शोधतो.

हे शब्द मी तीन ठिकाणी पाहते. पहिलं, फोनवर इनकॉग्निटो विंडो उघडून ‘पुणे मिळकत’ एवढंच लिहायचं आणि खाली गुगल काय सुचवतं ते टिपून घ्यायचं. मग एक जागा सोडून पुढे अ, क, फ, स अशी एकेक अक्षरं घालून पुन्हा बघायचं. हेच रोमन लिपीत `pune milkat kar` लिहूनही करायचं, कारण मराठी कीबोर्ड असूनही असं लिहिणारे खूप आहेत. दुसरं ठिकाण म्हणजे सर्च कन्सोल, आपली पानं कोणत्या शोधांत दिसली आणि किती क्लिक झाले ते साइटच्या मालकाला दाखवणारं गुगलचं साधन. त्याच विषयावरचा जुना लेख असेल, तर त्या पानापुरता फिल्टर लावून लोक कोणते शब्द टाकून आले ते वाचायचं. तिसरं ठिकाण माणसं, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर.

सिंहगड रोडवर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्या काकांच्या हातात फोन देऊन मी म्हटलं, “काका, ४० टक्क्यांचं काम करायचंय असं समजा आणि शोधा.” त्यांनी लिहिलं, ‘पुणे मिळकत कर 40 टक्के सवलत फॉर्म’. शेजारी बसलेल्या काकूंनी फोन घेतला, माइकचं बटण दाबलं आणि विचारलं, “घरपट्टी कमी करायला कुठला फॉर्म भरायचा?” त्या दोन ओळींमध्ये मला लेखाचं जवळजवळ सगळं शीर्षक मिळालं. काकांचे शब्द शीर्षकात गेले, काकूंचे लेखाच्या पोटात.

आता काकांनी लिहिलेलं नीट पाहा. ‘मिळकत कर’ दोन शब्द सुटे लिहिलेत. पुस्तकी नियमाने हा सामासिक शब्द जोडून लिहायचा, वर्तमानपत्रंही ‘मिळकतकर’ लिहितात. पण फोनवर घाईत लिहिणारा जागा सोडतो. म्हणून शीर्षकात मी सुटा ठेवते आणि लेखात जोडून. ४० हा आकडाही त्यांनी इंग्रजी अंकांत लिहिला. लेखात मी देवनागरी अंक वापरते, शीर्षकात मात्र 40.

शब्द सापडले तरी मराठीत एक अडचण उरतेच, आणि इंग्रजीवरून येणाऱ्यांना ती दिसत नाही. आपला शब्द वाक्यात गेला की रूप बदलतो. पुणेचं पुण्यातील होतं, मिळकत करचं मिळकतकरात होतं, सवलतीला प्रत्यय लागतो. ‘पुण्यातील मिळकतकराच्या सवलतीसाठी अर्ज कसा करावा’ या शीर्षकात काकांनी लिहिलेल्या रूपात एकही शब्द उरलेला नाही. गुगल यातली काही रूपं ओळखतं, पण मी त्यावर विसंबत नाही. शिवाय निकालांच्या यादीवरून भरभर फिरणारी नजर आपण लिहिलेला शब्दच शोधत असते. म्हणून महत्त्वाचे शब्द मी मूळ रूपातच एकापुढे एक ठेवते, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके देते आणि वाक्य त्यांच्यानंतर सुरू करते:

```html
<title>पुणे मिळकत कर 40 टक्के सवलत: PT-3 फॉर्म कसा भरायचा</title>
```

ठिपक्यांच्या अलीकडचा भाग शोधणाऱ्याचा, पलीकडचा भाग लेख काय देतो ते सांगणारा. ‘संपूर्ण माहिती’, ‘जाणून घ्या सविस्तर’ वगैरे मी घालत नाही. तेवढ्या जागेत ‘PT-3’ बसतं आणि ते वाचून माणसाला खात्री पटते की हेच पान हवं होतं. ‘मराठी’ हा शब्दही इथे लागत नाही, कारण हिंदीत या कराला संपत्ति कर म्हणतात आणि हिंदी पानं आड येत नाहीत. विषय ‘आयुर्वेद’सारखा दोन्ही भाषांत सारखाच लिहिला जाणारा असेल, तर मात्र ‘मराठी माहिती’ किंवा ‘कसे करायचे’ असं ठळक मराठी काहीतरी पहिल्या अर्ध्यात यायलाच हवं.

लांबीबद्दलही तुम्ही घाबरून असता. साइटवर शीर्षक तपासणारी काही प्लगइन साठ अक्षरांनंतर लाल दिवा दाखवतात म्हणून चांगली शीर्षकं कापलेली मी पाहिली आहेत. काना, मात्रा, हलन्त ही सगळी चिन्हं संगणक वेगळी मोजतो. ‘टक्के’ हा आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत पाच भरतो. गुगल अक्षरांचा आकडा पाहत नाही, स्क्रीनच्या रुंदीत जेवढं मावेल तेवढं दाखवतं. त्यामुळे दिव्याकडे न बघता पान प्रसिद्ध झाल्यावर फोनवर प्रत्यक्ष शोधून पाहा. तरीही शीर्षक कापलं जाऊ शकतं हे धरून, कापलं गेलं तरी अर्थ उरेल असा क्रम लावा.

काही जण रोमन शोध पकडायचा म्हणून देवनागरी लेखावर `Pune Milkat Kar Marathi Mahiti` असं रोमन शीर्षक चढवतात. ते टिकत नाही. शीर्षकाची भाषा किंवा लिपी मजकुराशी जुळत नसेल, तर मजकुराशी जुळणारं शीर्षक आपण स्वतः निवडू, असं गुगलने जून २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे तुम्ही एक लिहिणार आणि दिसणार दुसरंच. म्हणून पानावरचं मोठं शीर्षकही, ज्याला `<h1>` म्हणतात ते, त्याच शब्दांत आणि त्याच लिपीत ठेवा. तिथे इंग्रजी राहून गेलं तर यादीत तेही दिसू शकतं. रोमन अक्षरांची जागा पानाच्या पत्त्यात, म्हणजे लिंकमध्ये आहे. `pune-milkat-kar-pt3` असा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी वाचता येतो. देवनागरी पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा प्रत्येक चिन्हाची `%E0%A4%AE` अशी नऊ अक्षरं होतात आणि काकांसारखा माणूस त्याला हात लावत नाही.

आता डिस्क्रिप्शन, म्हणजे निकालांच्या यादीत शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळी. त्यामुळे क्रमांक वर जात नाही, गुगलने हे स्पष्ट सांगितलेलं आहे. त्याचं काम शीर्षक वाचून थांबलेल्या माणसाला आत आणायचं. त्यात मी शीर्षक जसंच्या तसं पुन्हा सांगत नाही. दुसऱ्या शब्दाने शोधणाऱ्याला तिथे जागा देते:

```html
<meta name="description" content="स्वतः राहत असलेल्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये 40% सवलत: PT-3 कोणी भरायचा, कोणते पुरावे जोडायचे, कुठे द्यायचा आणि बिलात सवलत लागली का ते कसं पाहायचं.">
```

‘स्वतः राहत असलेल्या’ हे अगदी सुरुवातीला मुद्दाम आहे. फ्लॅट भाड्याने दिलेला माणूस इथेच ओळखतो की हे आपल्यासाठी नाही. तो क्लिक गेला तर जाऊ दे.

पण डिस्क्रिप्शन लिहून काम संपत नाही. काकूंनी ‘घरपट्टी’ म्हणून शोधलं आणि तो शब्द डिस्क्रिप्शनमध्ये नसला, तर गुगल पुष्कळदा ते बाजूला ठेवून लेखातलं एखादं वाक्य उचलून दाखवतं. मराठी लेखांचे हाल इथे होतात. आपण बोलतो तसं लिहितो, कर्ता गाळतो आणि ‘त्यासाठी तो तिथे नेऊन द्यावा लागतो’ म्हणून मोकळे होतो. परिच्छेदात ते छान वाचलं जातं. यादीत एकटं पडलं की कशासाठी, काय आणि कुठे, काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक उपशीर्षकाखालचं पहिलं वाक्य मी एकटं उभं राहील असं लिहिते. या लेखात तसं एक वाक्य होतं: ‘पुणे महापालिकेच्या घरपट्टीत, म्हणजे मिळकतकरात, ४० टक्के सवलत हवी असेल तर घरमालकाने PT-3 फॉर्म भरून त्या घरात स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह द्यायचा असतो.’ काकूंच्या शब्दाने शोधलं की डिस्क्रिप्शनच्या जागी हेच वाक्य दिसायला लागलं.

जमलं की नाही, हे सर्च कन्सोलमध्ये कळतं, पण आकडे योग्य क्रमाने वाचावे लागतात. पान कुणाला दिसतच नसेल, म्हणजे इम्प्रेशन नगण्य असतील, तर शब्द चुकलेत किंवा लेख अजून मागे आहे. अशा वेळी शीर्षक चटपटीत करून काही होत नाही. पान पहिल्या पाच-सातांत दिसतंय आणि तरी क्लिक होत नाही, तेव्हा दोष शीर्षकात किंवा खालच्या दोन ओळींत असण्याची शक्यता जास्त. सरासरी क्रमांक पंचवीस असताना क्लिकचं प्रमाण कमी म्हणून शीर्षक बदलत बसणं व्यर्थ आहे, कारण तिथवर कुणी पोचतच नाही.

मिळकतकरासारख्या विषयाला हंगाम असतो. एप्रिल-मेमध्ये बिलं येतात, शोध वाढतात आणि पुढे ओसरतात. मेमध्ये शीर्षक बदलून जूनशी तुलना केली तर चांगलं शीर्षकही पडलेलं दिसेल. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती ठेवतं, तेव्हा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा आणि तीही त्याच शोधशब्दांपुरती. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी यादीत दाखवलेच जात नाहीत, त्यामुळे शब्दांची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही तर गोंधळू नका.

काही शोध सोडून द्यायचे असतात. ‘पुणे मिळकत कर भरणे’ असं लिहिणाऱ्याला पैसे भरायचे आहेत, त्याला महापालिकेची साइट हवी आहे. त्या शोधात आपलं पान कितीही दिसलं तरी क्लिक होणार नाही आणि व्हायलाही नको. ती ओळ बाजूला काढूनच मी क्लिकचं प्रमाण पाहते.

सर्च कन्सोलच्या याच यादीत मला ‘फ्लॅट भाड्याने दिला 40 टक्के सवलत’ असाही शोध पुन्हा पुन्हा दिसला. डिस्क्रिप्शन वाचून हे लोक परत जात होते, ते बरोबरच होतं. पण भाडेकरू गेल्यावर पुन्हा स्वतः राहायला आलो तर काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता. तो मी या लेखात कोंबला नाही. त्यांच्यासाठी वेगळा लेख घेतला आणि त्याच्या शीर्षकाची सुरुवात यादीतल्या त्यांच्याच शब्दांनी केली.