तुम्ही विचारलंत म्हणून: रोखेखरेदी आणि टीएलटीआरओ

"आरबीआय सरकारी रोखे विकत घेते तेव्हाही बाजारात पैसाच सोडते आणि बँकांना तीन वर्षांसाठी स्वस्तात कर्ज देते तेव्हाही पैसाच सोडते. मग फरक काय, नुसतं नाव बदललंय ना?"

मी २०२० मध्ये मुंबईत एका सरकारी बँकेच्या ट्रेझरीत होतो, म्हणून तिथूनच सांगतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लॉकडाऊन लागला आणि कंपन्यांच्या रोख्यांचा बाजार जवळजवळ गोठला. म्युच्युअल फंडांकडे लोक पैसे परत मागत होते, फंडांना हातातले रोखे विकायचे होते आणि घ्यायला कोणी नव्हतं. आमच्या डीलिंग रूममधले निम्मे लोक घरून काम करत होते, फोन सारखा वाजायचा, पण समोरचाही विकणाराच निघायचा. अशात २७ मार्चला आरबीआयने टीएलटीआरओ जाहीर केलं, म्हणजे ठरावीक कामासाठीच वापरायचं, तीन वर्षांपर्यंतचं कर्ज. एकूण १ लाख कोटी, हप्त्याहप्त्याने, आणि पहिला २५ हजार कोटींचा लिलाव त्याच दिवशी. दर रेपोचा, म्हणजे आरबीआय बँकांना अल्पमुदतीचं कर्ज ज्या दराने देते तो, तेव्हा ४.४० टक्के.

आता यातली गोम बघा. हे पैसे घेतले की ते कंपन्यांचे बाँड, कमर्शियल पेपर किंवा डिबेंचर यांतच घालायचे, आणि तेही २७ मार्चला बँकेकडे जेवढे होते त्याच्या वर. जुनेच कागद दाखवून चालणार नाही. त्यातले निम्म्यापर्यंत थेट कंपन्यांकडून नवे घ्यायचे आणि बाकीचे बाजारातून, म्हणजे जे फंड विकायला तडफडत होते त्यांच्याकडून. वर एक सवलत अशी की हे रोखे मुदतीपर्यंत ठेवायच्या खात्यात टाकता येतील, म्हणजे उद्या बाजारात भाव पडला तरी तो तोटा लगेच हिशेबात दाखवावा लागणार नाही. ट्रेझरीतल्या माणसाला ही सवलत किती मोठी वाटते ते बाहेरून कळत नाही, तिमाही संपायला चार दिवस उरलेले असताना तर विचारूच नका.

सरकारी रोखेखरेदीत यातलं काहीच नसतं. आरबीआय बाजारातून जी-सेक, म्हणजे सरकारी रोखे, उचलते, विकणाऱ्या बँकेच्या खात्यात पैसे जमा होतात, आणि त्या पैशाचं काय करायचं ते बँकेचं बँक बघते. कर्ज देईल, दुसरा रोखा घेईल, नाहीतर संध्याकाळी परत आरबीआयकडेच ठेवेल, २०२० मध्ये ती सोय म्हणजे रिव्हर्स रेपो. सरकारी रोख्यांचा भाव वर जातो, व्याजदर खाली येतो आणि तिथून तो हळूहळू बाकीच्यांपर्यंत झिरपेल अशी अपेक्षा असते. पण एप्रिल २०२० मध्ये पैसा कमी नव्हताच हो! १५ एप्रिलला बँकांनी आरबीआयकडे ६.९ लाख कोटी रुपये रिव्हर्स रेपोत ठेवले होते. विहीर काठोकाठ भरलेली आणि शेताच्या टोकाला वाफा कोरडा, अशी गत. त्या वेळी आणखी जी-सेक घेतले असते तर विहिरीतच पाणी वाढलं असतं. टीएलटीआरओ म्हणजे पाट काढायचा प्रयत्न होता.

आणि पाट कुठे अडतो ते मला तीन आठवड्यांत कळलं.

पहिल्या फेरीचे पैसे बँकांनी आनंदाने उचलले, आम्हीही उचलले, आणि बहुतेकांनी काय घेतलं? सरकारी कंपन्यांचे आणि मोठ्या उद्योगसमूहांचे रोखे. अट मोडली का? अजिबात नाही, कागद कंपन्यांचेच होते. त्या वरच्या दर्जाच्या कंपन्यांचे दर खाली आले हेही खरं. पण ज्यांना बाजारात कोणी उभं करत नव्हतं त्यांच्यापर्यंत फारसं काही गेलं नाही, आणि हे १७ एप्रिलला गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी स्वतःच सांगितलं. त्याच दिवशी टीएलटीआरओ २.० आलं, ५० हजार कोटींचं, या वेळी फक्त एनबीएफसींच्या, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या, कागदांसाठी, आणि त्यातले निदान निम्मे छोट्या-मध्यम एनबीएफसी आणि मायक्रोफायनान्स संस्थांना द्यायचेच. ठरलेल्या मुदतीत लावले नाहीत तर पडून राहिलेल्या पैशावर रेपोच्या वर २ टक्के जास्त व्याज.

मग २३ एप्रिलला पहिला लिलाव झाला. आरबीआयने २५ हजार कोटी मांडले होते. सगळ्या बँकांनी मिळून मागितले १२,८५० कोटी.

हा आकडा मी विसरत नाही, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. रोखे विकत घ्यायचे असले की किती घ्यायचे ते आरबीआय ठरवते, भाव दिला की विकणारा मिळतोच. बँकांमार्फत कर्ज द्यायचं म्हटलं की किती जाणार ते बँका ठरवतात. न घेण्याला दंड नाही, दंड आहे तो घेऊन न लावण्याला, त्यामुळे ज्याला खात्री नाही तो लिलावात उतरतच नाही.

का उतरत नाही, तर आमच्या कमिटीत जो हिशेब मांडला गेला तसाच सांगतो, आकडे सोपे करून. समजा १०० कोटी ४.४० टक्क्यांनी घेतले. सरकारी कंपनीचा उत्तम दर्जाचा रोखा ६ टक्क्यांनी मिळतोय, म्हणजे वर्षाला १ कोटी ६० लाख सुटतात. त्या दर्जाला जोखीमभार, म्हणजे रकमेचा किती भाग जोखमीचा धरायचा तो, २० टक्के, त्यावर ९ टक्के भांडवल, म्हणजे बँकेचे स्वतःचे १ कोटी ८० लाख अडकतात. झोप शांत. आता तेच १०० कोटी पाच छोट्या मायक्रोफायनान्स संस्थांना वीस-वीस कोटी करून ११ टक्क्यांनी दिले तर वर्षाला ६ कोटी ६० लाख, तीन वर्षांत १९ कोटी ८० लाख. ऐकायला चौपट, पण दर्जा खालचा, ट्रिपल-बी, असेल तर जोखीमभार १०० टक्के, म्हणजे भांडवल ९ कोटी अडकतं, आणि पाचातली एक जरी पूर्ण बुडाली तरी २० कोटी गेले, तीन वर्षांची सगळी कमाई साफ. आणि एप्रिल २०२० मध्ये पाचातली एक बुडेल असं वाटणं म्हणजे भित्रेपणा नव्हता, कारण गावोगावच्या बचतगटांच्या बैठकाच बंद, वसुली बंद, वर हप्ते लांबणीवर टाकायची मुभा कर्जदारांना दिलेली.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. टीएलटीआरओ हा रेपो आहे, म्हणजे बँक आरबीआयकडे सरकारी रोखे तारण ठेवून पैसे उचलते. छोटी कंपनी बुडाली तर बँकेचं नुकसान, आरबीआयचे पैसे सुरक्षित. पैसा आरबीआयचा, अट आरबीआयची, पण भीती पूर्णपणे बँकेची. म्हणजे या हत्याराने पैशाची किंमत आणि मुदत सोडवता येते, कर्जबुडीची भीती सोडवता येत नाही.

माझा चुलतभाऊ सातारा भागात एक छोटी फायनान्स कंपनी चालवतो, दुचाकी आणि दुकानदारांना कर्ज. त्याने त्या आठवड्यात फोन केला, "दादा, पेपरात आलंय आमच्यासाठी पैसे दिलेत म्हणून, मग तुझी बँक फोन का उचलत नाही?" मी त्याला वरचा हिशेब सांगितला, तो गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे आमच्या नावाने पाट काढला आणि दारं तुमच्या हातात ठेवली." मला उत्तर सुचलं नाही. २३ तारखेला रात्रीच बातमी आली की फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, त्यानंतर तर आमच्या कमिटीत खालच्या दर्जाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

भीती स्वतःच्या अंगावर घेणारी तऱ्हा वेगळी असते, आणि खरं क्रेडिट ईझिंग म्हणतात ते तिला. २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, एक वेगळी संस्था उभी करून कंपन्यांचे तीन महिन्यांचे कमर्शियल पेपर थेट कंपन्यांकडूनच घ्यायला सुरुवात केली, बँकेला मध्ये न घालता. तिथेही फक्त सगळ्यात वरच्या दर्जाचे कागद घेतले आणि शेवटी तोटा झाला नाही, पण घेताना जोखीम फेडची होती. फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्की यांनी जानेवारी २००९ मध्ये लंडनला दिलेल्या भाषणात हाच फरक मांडला होता, की जपानने पूर्वी केलं त्यात लक्ष बँकांकडे साठणाऱ्या पैशाच्या रकमेवर होतं आणि आम्ही बघतोय ते फेडने कोणती कर्जं आणि कोणते रोखे घेतले त्याकडे.

आणि "ठरावीक कामासाठी" ही अट का घालतात तेही युरोपकडे बघून कळतं. डिसेंबर २०११ मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेने तीन वर्षांसाठी ४८९ अब्ज युरो दिले, वापराची अट न घालता. इटली-स्पेनच्या बँकांनी त्यातून आपापल्या सरकारांचे रोखे भरपूर घेतले, म्हणजे वळसा घालून सरकारी रोखेखरेदीच झाली. २०१४ मध्ये पुन्हा दिले तेव्हा ते उद्योगांना आणि घरांना दिलेल्या कर्जाशी जोडले, आणि घरखरेदीची कर्जं मुद्दाम वगळली.

आपल्याकडे कोणतं हत्यार चाललंय ते ओळखायचं असेल तर मी दोन जागा बघतो. जी-सेकचा दर आणि त्याच मुदतीच्या कंपनीच्या रोख्याचा दर यांतलं अंतर, पण दर्जानुसार वेगवेगळं. उत्तम दर्जाचं अंतर मिटलं आणि खालच्याचं तसंच राहिलं तर पाट मध्येच अडलाय. दुसरी जागा म्हणजे बँकांनी आरबीआयकडे परत ठेवलेल्या पैशाचा ढीग, तो कर्जवाटप न वाढता फुगत असेल तर पैसा परत विहिरीत येतोय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आरबीआयने जी-सॅप आणलं, पहिल्या तिमाहीसाठी १ लाख कोटींचे सरकारी रोखे घेणार असं आधीच सांगून, आणि ते कबूल केल्याप्रमाणे झालं, कारण तिथे कोणाला घाबरण्यासारखं काही नव्हतं. सरकारची उधारी मोठी होती, दर ताब्यात ठेवायचे होते, त्याला ते हत्यार बरोबरच होतं. घेतलेले रोखे मात्र विकेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत आरबीआयच्या ताळेबंदात बसून राहतात. टीएलटीआरओचं तसं नाही, तीन वर्षं भरली की बँकेला पैसे परत करायचेच असतात, बाजारात काही विकावं लागत नाही.

चुलतभावाच्या कंपनीचं म्हणाल तर तिला पैसे मिळाले, पण टीएलटीआरओतून नाही. मे २०२० मध्ये केंद्राने पार्शियल क्रेडिट गॅरंटी योजना वाढवली, सरकारी बँकांनी एनबीएफसींचे खालच्या दर्जाचे रोखे घेतले तर पहिला २० टक्क्यांपर्यंतचा तोटा सरकार सोसणार. आमच्याच कमिटीत, त्याच माणसांसमोर, पाचातली एक बुडाली तर काय हा प्रश्न परत निघाला, आणि या वेळी कोणीतरी म्हणालं, ते वीस कोटी सरकारचे. मी नातं सांगून बाजूला झालो, बाकीच्यांनी फाइल बघितली आणि सही झाली.