साखरेचा म्यू, साखरेला हात न लावता: घरगुती आयसोपिएस्टिक प्रयोगाची नोंद

मंडळी, साखरपाण्याचा प्रयोग आता आकडे देऊ लागलाय, म्हणून सविस्तर नोंद टाकतोय. मागच्या नोंदीवर एकाने विचारलं होतं की साखरेची वाफ होत नाही, मग तिचं रासायनिक विभव μ, म्हणजे तिचा एक मोल वाढवला की गिब्ज ऊर्जा किती वाढते ते, मोजणार कसं? उत्तर असं की मोजायचंच नाही. पाण्याचं मोजायचं. साखरेचं त्याच्या मागोमाग येतं, त्याला दुसरा पर्याय नसतो.

तापमान आणि दाब धरून ठेवला की साखरपाण्यात बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे प्रमाण. पाक दुप्पट घेतला तरी पाण्याचा μ तोच आणि साखरेचाही तोच. म्हणजे दोन्ही μ एकाच दोरीला बांधलेले आहेत, एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. किती हलावं लागतं, तेही ठरलेलं आहे. पाण्याचे मोल n_w आणि साखरेचे n_s धरले, तर एकूण गिब्ज ऊर्जा G = n_w μ_w + n_s μ_s. हिचा पूर्ण अवकल काढा आणि स्थिर T, P ला dG = μ_w dn_w + μ_s dn_s असतं ते त्यातून वजा करा. जे उरतं ते हे:

n_w dμ_w + n_s dμ_s = 0

गिब्जच्या 1875 ते 1878 मधल्या लेखनात हे आहे, आणि 1886 मध्ये द्युएमने ते पुढे आणलं, म्हणून हे गिब्ज-द्युएम समीकरण. साखरपाण्यासाठी मी ते नेहमी एक किलो पाण्यावर लिहितो, कारण एक किलो पाण्यात 55.51 मोल असतात आणि साखरेचे मोल म्हणजे थेट मोलॅलिटी m:

55.51 dμ_w = −m dμ_s

यातला 55.51 नीट बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. रॉबिन्सन आणि स्टोक्स यांच्या द्रावणांवरच्या ग्रंथातल्या तक्त्यातले 25 अंशांचे आकडे घेऊ. पाण्याचा μ आदर्श द्रावणाच्या मानाने किती पट उतरतो ते सांगणारा ऑस्मोटिक गुणांक φ 3 मोलल पाकात आहे 1.288, आणि 4 मोललला 1.375. पाण्याची सक्रियता a_w, म्हणजे पाकावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या किती पट आहे ते, ln a_w = −0.018015 m φ या सूत्राने येते. म्हणजे पाक 3 वरून 4 मोललला नेला की ln a_w 0.0295 ने उतरतो, आणि RT ने गुणलं (2479 ज्यूल प्रति मोल) की पाण्याचा μ फक्त 73 ज्यूलने खाली येतो. आता साखर. ती आदर्श वागण्यापासून किती ढळते ते सांगणारा तिचा सक्रियता गुणांक γ त्याच टप्प्यात 1.751 वरून 2.101 होतो. mγ चं गुणोत्तर 1.600, त्याचा लॉग 0.470, म्हणजे साखरेचा μ 1165 ज्यूलने वर. 1165 भागिले 73 सुमारे 16. आणि या टप्प्याच्या मध्यावर, 3.5 मोललला, एका साखरेच्या मोलमागे पाण्याचे मोल किती? 55.51 भागिले 3.5, म्हणजे 15.9. पाणी जेमतेम हललं तेवढ्यात साखर सोळा पट उसळली, कारण संख्येने ती तेवढीच कमी आहे. पहिल्यांदा हा हिशेब जुळताना बघितला तेव्हा मी चहा ओतायचं विसरलो होतो.

याची दुसरी बाजू कमी सुखाची आहे. पाण्याच्या μ मधली चूकसुद्धा त्याच पटीने साखरेच्या μ मध्ये जाते. म्हणून काही जण सुचवत होते तसा आर्द्रतेचा सेन्सर बरणीत टांगून हे काम होत नाही. 1 मोलल पाकावर आर्द्रता 98.06 टक्के असते. स्वस्तातला सेन्सर दोन टक्के इकडेतिकडे दाखवतो, आणि मोजायची ती सगळी घटच दोन टक्क्यांची!

म्हणून आयसोपिएस्टिक पद्धत. एका वाटीत साखरपाणी, दुसऱ्या वाटीत मीठपाणी, दोन्ही एकाच बंद भांड्यात. पाणी वाफेच्या वाटेने एका वाटीतून दुसरीत जात राहतं, दोन्हीकडे पाण्याचा μ सारखा होईपर्यंत. मग फक्त वजन करायचं. मिठाच्या पाण्याचा φ तक्त्यात फार नेमका दिलेला आहे, तो मापदंड. मीठ दोन आयनांत फुटतं, म्हणून अट अशी बसते: 2 · m_मीठ · φ_मीठ = m_साखर · φ_साखर.

माझी मांडणी साधी आहे. काचेचा डेसिकेटर, त्यात अॅल्युमिनियमची जाड लादी, तिच्यावर झाकणाच्या छोट्या स्टीलच्या वाट्या. वाट्यांचे तळ पॉलिश पेपरवर घासून सपाट केलेत, म्हणजे लादीला नीट टेकतात. सगळं थर्मोकोलच्या पेटीतल्या पाण्यात, आणि त्यात मत्स्यालयाचा हीटर 25 अंशांवर. हीटर गरम करू शकतो, गार नाही, त्यामुळे पुण्यात हा उद्योग हिवाळ्यातच करावा लागतो.

लादीवर एवढा जीव का टाकलाय ते सांगतो. 25 अंशांच्या आसपास पाण्याचा बाष्पदाब दर अंशाला सुमारे सहा टक्क्यांनी बदलतो. दोन वाट्यांत एक शतांश अंशाचा फरक पडला तरी a_w मध्ये 0.06 टक्के चूक, आणि 3 मोलल पाकात ती φ मध्ये जवळपास एक टक्का होऊन दिसते. गिब्ज-द्युएमची 'स्थिर तापमान' ही अट कागदावर दोन शब्दांची आहे, भांड्यात तिच्यासाठी धातूची लादी लागते. दाबाचं मात्र टेन्शन नाही. एक किलोपास्कलने दाब बदलला तर द्रव पाण्याचा μ 0.018 ज्यूलने सरकतो. वरच्या 73 समोर तो कुठे दिसणार?

हातपंपाने हवा काढली की वाफ लवकर फिरते, पण हवा एकदम ओढायची नाही. विरघळलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि पाक उडतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक चिकट ठिपके वाळलेले दिसले, तर त्या वाटीतली साखर कमी झाली समजा आणि ती फेरी टाकून द्या. मी थोडी ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. काचेला बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली बरी.

परवा उघडलेल्या फेरीचे आकडे देतो. साखरेच्या वाटीत कोरडी साखर 2.000 ग्रॅम, मिठाच्या वाटीत लॅब ग्रेड मीठ 0.300 ग्रॅम. शेवटी साखरेकडे पाणी उरलं 1.897 ग्रॅम, मिठाकडे 2.529. म्हणजे पाक 3.08 मोलल आणि मीठ 2.03 मोलल. या मिठाला φ 0.985 धरला की 2 × 2.03 × 0.985 म्हणजे 4.00, त्याला 3.08 ने भागलं की साखरेचा φ 1.298. तक्त्यातून याच जागी 1.2955 येतो. दागिन्यांच्या मिलिग्रॅम काट्यावर हे जमलंय याचं मला समाधान आहे, लपवत नाही.

ही फेरी पूर्ण झाली हे ओळखायचं कसं? वजन बदलायचं थांबलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दाट पाकाच्या पृष्ठभागावर साखरेचा घट्ट थर बसतो आणि खालचं पाणी अडकून पडतं, काटा मात्र शांत. म्हणून मी साखरेच्या दोन वाट्या ठेवतो, एक पातळ सुरू केलेली, एक घट्ट. एक पाणी सोडत येते, दुसरी घेत येते. दोघींची मोलॅलिटी एकाच आकड्यावर आली तरच फेरी धरायची. प्रत्येक वाटीत काचेचा मणी टाकलाय आणि येताजाता भांडं हळूच कलवतो.

आता φ वरून γ. गिब्ज-द्युएम φ च्या भाषेत लिहिलं की असं होतं:

ln γ = (φ − 1) + ∫₀ᵐ (φ − 1)/m dm

1 ते 6 मोललसाठी तक्त्यातला (φ − 1)/m अनुक्रमे 0.088, 0.0945, 0.096, 0.0938, 0.090 आणि 0.0852 येतो. किती सपाट रेघ आहे बघा. 0 ते 1 या पट्ट्याला 0.085 धरून बाकीचे पट्टे समलंब पद्धतीने जोडले की बेरीज 0.546. त्यात φ − 1 चे 0.511 मिळवले की ln γ 1.057, म्हणजे γ 2.88. तक्त्यात 2.878 आहे. साखरेला कुणी हात लावला नाही, पाण्याच्या हिशेबातूनच ती सापडली.

अडचण सुरुवातीच्या पट्ट्यात आहे. 0.5 मोललला φ मध्ये 0.005 ची चूक m ने भागल्यावर 0.01 होते, आणि मोजायची गोष्टच 0.085 च्या घरात. शिवाय तळाचा हा पट्टा पुढच्या प्रत्येक γ मध्ये मोजला जातो. तिथे गोठणबिंदू मोजून काम भागवावं असं वाटतं. पण त्यात प्रत्येक बिंदू वेगळ्या तापमानाचा असतो, आणि आपलं समीकरण एका तापमानापुरतंच आहे. विरलनाची उष्णता घेऊन सगळे बिंदू 25 अंशांवर आणावे लागतात. मी तूर्त 1 मोललखाली तक्ता वापरतो आणि तसं वहीत लिहून ठेवतो.

एकाने आणखी विचारलं होतं की गिब्ज-द्युएमने माझे आकडे तपासता येतील का. नाही येणार. साखरेचा γ मी त्याच समीकरणातून काढलाय, तेव्हा तो समीकरणाला जुळणारच, φ चुकीचा असला तरीही. तपासणी तेव्हाच खरी जेव्हा दोन्ही घटक वेगवेगळे मोजलेले असतात, जसं अल्कोहोल आणि पाण्यात दोघांचा बाष्पदाब मोजता येतो. साखरेच्या बाबतीत एकच दुसरा साक्षीदार आहे, तो म्हणजे संपृक्त पाक. 25 अंशांवर सुमारे 6 मोललला तळाशी खडे टिकून राहतात. तिथे पाकातल्या साखरेचा μ घन साखरेच्या μ एवढाच असतो, आणि वरून आणखी साखर टाकली तरी दोघांपैकी एकाचाही μ हलत नाही.

उरलेली काळजी साखर फुटण्याची. बरेच दिवस राहिलेल्या पाकात किंचित आंबटपणा आला तरी सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतं. मग मिश्रण दोन घटकांचं राहत नाही, समीकरणात जास्तीची पदं येतात, आणि नुसत्या पाण्यावरून साखर काढणं बंद पडतं. शिवाय एका रेणूचे दोन झाल्याने φ खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून फेरी उघडली की पाकाचा थेंब पातळ करून लघवीतलं ग्लुकोज तपासायच्या पट्टीवर टाकतो. रंग बदलला तर त्या वाटीचे आकडे वहीत जात नाहीत. सध्या 4.5 मोललच्या आसपासची जोडी आत आहे, पट्टीवर अजून तरी काही आलेलं नाही.