कोपऱ्यातला चौकोन

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि मनात पहिले आले ते सर. शाळेने पुष्कळ दिले, पण मला लिहायचे आहे ते सरांच्या दोन तासांबद्दल.

शेजारच्या वर्गाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून त्या दिवशी दोन्ही तुकड्या आमच्याच खोलीत बसल्या होत्या. सरांनी फळ्यावर १९४९ लिहिले. देवळालीच्या शाळेतले गणितशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या वर्षी एक गोष्ट सापडली, एवढेच सांगून ते वजाबाकीला लागले. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. ९९४१ वजा १४९९, उत्तर ८४४२. त्याचे पुन्हा तसेच. ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४च. सर म्हणाले, "चारही अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या घ्या. सातच्या आत इथेच याल."

सगळ्यांच्या वह्या ६१७४ वर थांबल्या, माझी शून्यावर. मी २१११ घेतले होते. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९, त्यातून पुन्हा ९९९ गेले, शून्य उरले. तीनदा तपासले, वजाबाकी बरोबर होती. सरांनी वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि ९९९ च्या आधी बारीक शून्य काढले. "चार घरं आहेत, एक रिकामं का ठेवलंस?" मग ९९९० वजा ०९९९ केले, आणि ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असे तेही घरी आले. आजही ही रीत कुणी करून पाहताना शून्यावर अडकला, तर मी आधी हीच जागा बघतो, कारण तीन अंकी उत्तर या रीतीत हे एकच येते.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, पण तिथेच का? सरांनी सबंध तास त्याला दिला.

सगळ्यात मोठा अंक एकदा हजाराच्या घरात असतो आणि एकदा एककाच्या. म्हणून वजाबाकीत त्याचे १००० उणे १, म्हणजे ९९९ पट उरतात. सगळ्यात लहान अंकाचे तेवढेच जातात. मधल्या दोघांपैकी मोठा शतकातून दशकात येतो, त्याचे ९० पट उरतात, आणि धाकट्याचे ९० पट जातात. म्हणजे उत्तर ठरते ते दोनच फरकांवर: टोकाच्या अंकांचा फरक गुणिले ९९९, अधिक मधल्यांचा फरक गुणिले ९०. टोकांचा फरक १ ते ९, आणि मधला फरक त्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजले तर अशा जोड्या फक्त ५४. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात! टोकांचा फरक ६ आणि मधला २ असेल तर ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ च्या अंकांत पुन्हा तेच फरक आहेत, सात उणे एक सहा, सहा उणे चार दोन. म्हणून ती हलत नाही.

इथे आम्हाला वाटले, सिद्ध झाले. सरांनी मात्र हात वर केला. संख्या मोजक्या असल्या की कधीतरी आधीचीच परत येणार, इतकेच यातून कळते. ती एकाच ठिकाणी थांबेल असे नाही. दोन अंकी घेतली तर ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१, हे चक्र फिरतच राहते. चार अंकांत असे चक्र नाही, हे ५४ जोड्या तपासूनच म्हणता येते. मी पुढे चोवीस वर्षे गणित शिकवले. एवढा प्रामाणिक "का"चा तास मला स्वतःला क्वचितच जमला.

मग सरांनी फळ्यावर पायऱ्यांसारखा ५४ चौकोनांचा तक्ता काढला. टोकाचा फरक खाली वाढत जाणारा, मधला आडवा. प्रत्येक बाकाला तीन-चार चौकोन वाटले. संख्या मांडायची, ६१७४ येईपर्यंत वजाबाक्या मोजायच्या आणि आकडा चौकोनात लिहायचा. ५९९४ आणि ४९९५ यांचे अंक तेच, म्हणून पुढची वाट एकच, हे आम्हीच हेरले आणि काम पटापट उरकू लागले. घंटा झाली तरी कुणी उठले नाही.

त्या खोलीत आता पडदा आहे, भिंतभर लाकडी फळा गेला. निमंत्रण द्यायला आलेल्या मुलांनी फोटो दाखवला तेव्हा मी आधी ती भिंतच शोधली.

शेवटी डावीकडे वरचा एकच चौकोन रिकामा राहिला होता. टोकांचा फरक १, मधला ०. सरांनी तो कुणालाच दिला नव्हता. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. मी आधी शून्य लिहिले, मग तीन नऊ, खाली चार वजाबाक्या केल्या आणि चौकोनात ४ भरले.