‘बहिणीचे नाव कमी करणे’ : सर्च व्हॉल्यूम शून्य

शेतजमिनीच्या कागदपत्रांवर सोप्या मराठीत लेख हवेत, असं काम आलं होतं. क्लायंटच्या मार्केटिंगवाल्याने सोबत एक शीटही पाठवली. लोक कोणता शब्द महिन्याला किती वेळा शोधतात ते सांगणाऱ्या, पैसे भरून घेतलेल्या कीवर्ड टूलमधून काढलेली. ‘सातबारा’, ‘फेरफार’, ‘वारस नोंद’ या ठळक शब्दांपुढे आकडे होते आणि त्याखालच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नापुढे शून्य किंवा नुसती आडवी रेघ. त्याचा निष्कर्ष मेलमध्ये तयारच होता: मराठीत खोलातले प्रश्न कुणी शोधत नाही, तेव्हा ‘सातबारा म्हणजे काय’ छापाचे लेख पुरेत. असे मेल मला नवीन नाहीत. टूलला दिसत नाही म्हणजे माणूसच नाही, हा समज या धंद्यात फार मुरलेला आहे.

त्या शून्याचं कारण मराठीच्या अंगातच आहे. आपण विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटवतो, कधी तोडूनही लिहितो. मग एकच माणूस एकाच गोष्टीसाठी ‘सातबाऱ्यावरून’, ‘सातबारा वरून’, ‘7/12 वरून’, ‘७/१२ मधून’ यातलं काहीही टाईप करू शकतो. बरेच जण रोमनमध्ये लिहितात: ‘satbara varun’, ‘saat bara madhun’. त्यात ‘नोंद’वरचा अनुस्वार गळून ‘नोद’ होतं. इंग्रजीत अशी जवळची रूपं टूल एका आकड्याखाली जमा करतं. मराठीत ती मला बहुतेक वेळा सुटी सुटी पडलेली दिसतात, आणि सुटं प्रत्येक रूप टूलच्या किमान मर्यादेखाली जातं. शिवाय गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये जाहिरातीवर विशेष खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा दिसतच नाही, ‘10 ते 100’ असा पट्टा दिसतो. त्यावर लेखांचं वेळापत्रक बांधणं म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून आंबे मोजणं.

म्हणून मी शीट बाजूला ठेवली आणि सर्चबॉक्स उघडला. टाईप करताना खाली ज्या सूचना येतात ते ऑटोकम्प्लीट खऱ्या लोकांनी केलेल्या सर्चवर चालतं, त्यामुळे तिथे एखादं वाक्य येतं याचा अर्थ ते कुणीतरी, एकापेक्षा जास्त वेळा, टाईप केलेलं असतं. किती वेळा, ते कळत नाही. पण ‘आहे की नाही’ या प्रश्नाला टूलपेक्षा ते बरं उत्तर देतं. लॉगआऊट करून, खाजगी विंडोत बघायचं, नाहीतर स्वतःच्याच जुन्या सर्चचा वास येतो. भाषा आणि देश पक्के करायचे असतील तर हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकता येतो:

```
https://suggestqueries.google.com/complete/search?client=firefox&hl=mr&gl=in&q=सातबारा वरून
```

हा अधिकृत मार्ग नाही. भराभर मारा केला तर तो अडवतो, म्हणून हाताने, सावकाश. यूट्यूबच्या सूचना हव्या असतील तर शेवटी `&ds=yt` जोडायचं. मराठीसाठी ते मला जास्त उपयोगी पडतं, कारण वाचण्यापेक्षा ऐकून समजून घेणारे लोक थेट तिथेच जातात.

इंग्रजीतले लोक मूळ शब्दापुढे a, b, c लावत जातात. आपल्याकडे नुसतं क, ख, ग लावून भागत नाही. एका खेपेला जेमतेम दहा सूचना मिळतात आणि ‘क’खाली ‘का’, ‘कि’, ‘की’, ‘कु’, ‘के’, ‘को’ सगळे गर्दी करतात. म्हणून पूर्ण बाराखडी फिरवावी लागते. ‘वारस नोंद क’ने ‘कशी करावी’ दिलं, ‘कि’ने ‘किती दिवसात होते’ दिलं, ‘ना’ने ‘नाकारली तर’ दिलं. मग कर्सर वाक्याच्या सुरुवातीला नेऊन एक मोकळी जागा सोडायची. आता सूचना पुढून जोडल्या जातात: ‘आजोबांच्या नावावरील’, ‘मृत्यूनंतर’, ‘सख्ख्या भावाने’. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं.

जमवलेली यादी शीटमध्ये टाकल्यावर मराठीचा आणखी एक खोडसाळपणा समोर येतो. ‘सातबाऱ्या’मधलं ते अर्ध्या चंद्रासारखं र दोन पद्धतींनी टाईप होतं: एक ऱ वापरून, दुसरं र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण शीटला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि डुप्लिकेट काढायचं बटण दाबलं तरी दोन्ही ओळी तशाच राहतात. हिंदी घुसखोरी वेगळीच. ‘नाम’, ‘कैसे’, ‘जमीन का’ असलेल्या ओळी आधी उपटून काढायच्या, नाहीतर शेजारच्या राज्यांच्या महसूल कायद्यावर मराठीत लेख लिहिण्याची वेळ येते.

तर ‘सातबारा वरून’ टाकलं आणि वरच्याच सूचनांमध्ये आलं: ‘सातबारा वरून बहिणीचे नाव कमी करणे’. ‘7/12’ने तेच दिलं. रोमननेही तेच दिलं: ‘bahiniche nav kami karne’. यूट्यूबवर ते होतं, काही दिवसांनी पुन्हा पाहिलं तरी जागेवर होतं. एखादी सूचना बातमीच्या लाटेवर आलेली आहे की कायमची, हे असंच ओळखायचं: वेगळी लिपी, वेगळी जागा, वेगळा दिवस. ही कायमची होती. टूलमध्ये तिच्यापुढे आडवी रेघ.

नुसत्या सूचनेवरून माणूस काय करतोय ते कळतं, कुठे अडलाय ते कळत नाही. त्यासाठी मी लोकांनी सविस्तर विचारलेले प्रश्न वाचते: मराठी संस्थळांवरचे जुने धागे, प्रश्नोत्तरांची पानं, यूट्यूबवरच्या कायदेविषयक व्हिडिओंखालच्या कमेंट. उत्तरं वाचत नाही. ती बहुतेक ‘तहसील कार्यालयात भेटा’ किंवा ‘सर रिप्लाय द्या’ एवढीच असतात. प्रश्नाची पहिली दोन-तीन वाक्यं उचलायची आणि समोर तीन गोष्टी लिहायच्या: विचारणारा नात्याने कोण, काय घडून गेलंय, आता कशाने अडलंय. नाव, गाव, गट नंबर टिपायचे नाहीत. लोक गट नंबरासकट मोबाईल नंबर उघड्यावर टाकतात, ते बघूनच पोटात गोळा येतो.

पहिला रकाना भरत गेले तसं लक्षात आलं की विचारणारा जवळपास सगळीकडे भाऊच आहे. वडील गेले, वारस नोंदीत आईचं आणि बहिणींची नावं लागली, आता कर्ज काढायचंय किंवा जमीन विकायची आहे आणि सगळ्यांच्या सह्या लागतायत. काहींना वाटत होतं की तलाठ्याकडे साधा अर्ज दिला की नाव निघतं. काहींनी नोटरीकडून शंभराच्या स्टॅम्पवर संमतीपत्र करून आणलं होतं आणि फेरफार का होत नाही म्हणून ते तलाठ्यावर चिडले होते.

मग बहिणी कुठे गेल्या? त्याच व्हिडिओंखाली त्या नव्हत्याच. ज्या शब्दांपासून शोध सुरू करत होते ते बीज-शब्द मी बदलले. सातबारा, फेरफार, नोंद हे सगळं काढलं आणि ‘माहेर’, ‘वडिलोपार्जित’, ‘लग्न झालेल्या मुलीचा’ हे टाकलं. सर्चबॉक्स दुसऱ्याच घरात शिरल्यासारखा बोलायला लागला. ‘माहेरच्या जमिनीत हक्क’, ‘वडिलोपार्जित संपत्तीत मुलीचा हक्क किती वर्षांपर्यंत’, ‘भाऊ हिस्सा देत नसेल तर’. प्रसंग तोच, कागद तोच, पण तो हाताळणारा माणूस महसुली शब्द वापरतो आणि ज्याच्यापर्यंत कागद आलेलाच नाही तो नात्याचे शब्द वापरतो. आम्ही ‘सातबारा’भोवतीच फिरत राहिलो असतो तर सगळी मालिका भावांसाठी लिहून झाली असती आणि शीटमध्ये ते कुणाला दिसलंही नसतं.

संपादकांशी वाद झाला तो ‘नाव कमी करणे’वरून. त्यांचं म्हणणं, हा लेख लिहायचाच नाही, आपण बहिणींना बाहेर काढायची कृती कशाला सांगायची? मी म्हटलं, ते वाक्य टाईप करणारा आज एजंटांच्या व्हिडिओवर जातोय. निकालाची पानं उघडून दाखवली: वरचे बरेच निकाल व्हिडिओ, त्यात एकजण ‘बहिणीला न कळता’ असं थंबनेलवरच लिहून बसलेला. शेवटी मथळा लोकांचाच ठेवला आणि पहिल्याच परिच्छेदात उत्तर दिलं: वारस म्हणून लागलेलं नाव अर्जाने निघत नाही. तिने स्वतःच्या मर्जीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं तरच त्यावरून फेरफार होतो, नोटरीचा कागद चालत नाही. तलाठी फेरफाराची नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. दुसरा लेख बहिणीच्या शब्दांत लिहिला: 2005च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली, आणि 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलं.

दोन्ही पानं चालली. टूल त्या वाक्यांपुढे अजून रेघच दाखवतं. आपल्या पानावर लोक कोणत्या सर्चमधून आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाचे एकूण क्लिक आणि खाली दिसणाऱ्या शब्दांच्या क्लिकची बेरीज जुळत नाही, कारण फार थोड्या लोकांनी केलेले सर्च गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही. मराठीत हा न दिसणारा वाटा आमच्याकडे नेहमीच मोठा असतो. मार्केटिंगवाल्याला हे सांगितलं तर त्याने विचारलं, मग रिपोर्टमध्ये काय लिहू?

मला सतावतंय ते वेगळंच. भावांसाठी लिहिलेल्या पानावर, यादीत दिसतात तेवढ्या शब्दांमध्ये, ‘हक्कसोडपत्र रद्द कसे करावे’ आणि ‘फसवून सही घेतली हक्कसोड’ असे सर्च यायला लागलेत. म्हणजे बहिणी त्या पानावर येतायत, पण सही होऊन गेल्यावर. ते शब्द बीज म्हणून घेऊन मी बाराखडी पुन्हा फिरवली. सूचना तुटपुंज्या आल्या, यूट्यूबवर त्याहून कमी. प्रश्नांच्या रकान्यात मात्र भराभर भर पडली: ‘बँकेचं काम आहे म्हणून नेलं’, ‘आजारी आईसमोर सही करायला लावली’, ‘आता समजलं, काय करू’.

तिसऱ्या लेखाचा मसुदा वकिलांकडे तपासायला गेलाय. नोंदणीकृत दस्त रद्द करायला दिवाणी न्यायालयातच जावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. मार्केटिंगवाला म्हणतो या विषयाला व्हॉल्यूम नाही, पुढच्या तिमाहीत बघू. मी त्याला तो तीन वर्षांचा परिच्छेद पिवळा करून पाठवलाय.