आतून रंगवलेला टायर

आमच्याकडे झिजलेल्या टायरांवर नवा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, चढवतात. सकाळी मी तपासून पास केलेला टायर दुपारी बफिंगवाल्या काकांनी परत माझ्यासमोर आणून टेकवला. जुना ट्रेड खरवडून झाला होता. त्यावर चिकटवणारा कुशन गम आणि नवा ट्रेड चढवायचा, एन्व्हलपमध्ये गुंडाळायचा आणि चेंबरमध्ये शिजवायचा, एवढंच बाकी होतं. "साहेब, इथं जरा अंगठा दाबून बघा," काका म्हणाले.

दाबला. साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, हातभर पट्टा बाकीच्यापेक्षा नरम होता.

ट्रकचा स्टील रेडियल, सहा टायरांच्या लॉटमधला सगळ्यात देखणा. कुठे काप नाही, बीड म्हणजे रिमवर बसणारी कड शाबूत. सकाळी मी आत दिवा घालून पाहिलं, तर लायनर, म्हणजे आतलं अस्तर, एकसारखा काळा, स्वच्छ. वापरलेल्या टायरचा लायनर इतका स्वच्छ कसा, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

टायर पुन्हा स्प्रेडरवर चढवून ताणला आणि सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या फडक्यानं आतून पुसला. फडकं काळं झालं. रंगाखालून साइडवॉलच्या उंचीवर निळसर झाक आली आणि तिच्यात बारीक आडव्या सुरकुत्या. अशी झाक आणि सुरकुत्या दिसल्या, की कमी हवेवर टायर धावून तापला होता असं समजायचं. ठरलेल्या हवेच्या 80 टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर आमच्याकडे संशयितच धरतात.

ड्रायव्हर तिथेच बसला होता. आधी नाही नाही म्हणाला, मग बोलला. टायर मागच्या जोडीतला आतला होता. हवा कधी उतरली कळलंच नाही, कारण बाहेरच्यानं भार तोलून धरला होता. रंग कुणी लावला, यावर मात्र तो गप्प.

"पण फुगवून तर बघा, हवा धरतोय," तो म्हणाला. या टायरचा धोका नेमका तिथेच असतो. कमी हवेत साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि आतल्या स्टीलच्या तारा थकत जातात, जशी एखादी तार हातानं पुढेमागे वाकवत राहिलं की तुटते तशी. चालताना बऱ्याचदा काही कळत नाही. फुगवताना एक तार तुटते, तिचा भार शेजारच्या तारेवर जातो, मग ती तुटते, आणि बॅगची चेन उघडावी तशी साइडवॉल क्षणात उसवते. आधी पॉपकॉर्नसारखा तडतड आवाज येतो, पण तो ऐकू आल्यावर पळायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून फुगवणं पिंजऱ्यात, लांब नळीनं, बाजूला उभं राहून करतात. इतक्या खुणा दिसल्यावर तर पिंजऱ्यातही फुगवत नाहीत. नवा ट्रेड वरून कितीही पक्का बसला, तरी साइडवॉलच्या तारा नव्या होत नाहीत.

मी दोन्ही साइडवॉल कापल्या, म्हणजे तो कुणाच्या गाडीला परत लागायला नको. ड्रायव्हर वैतागला. "मग जाळून तार तरी काढतो."

काही वर्षांपूर्वी आमच्या यार्डाशेजारी तारेसाठीच पेटवलेला ढीग हाताबाहेर गेला होता. पाणी मारलं तर वरचा जाळ बसायचा, पण टायरच्या पोकळीत हवा असते, तिथे आग धुमसत राहते. टायरमधून सुटलेलं काळं तेल नाल्याकडे वाहू लागलं, तेव्हा वाहत्या पाण्यानं आपणच ते पसरवतोय हे लक्षात आलं. शेवटी माती टाकून दाबलं. तिसऱ्या दिवशी जेसीबीनं एक थर उलटला आणि तो परत पेटला. त्या धुरात बेंझीन असतं, डायॉक्सिन असतात; आम्हाला तेव्हा फक्त घसा आणि डोळे कळत होते.

हे त्याला सांगितलं. मग पायरोलिसिसवाल्याला का देत नाही, असं त्यानं विचारलं. तिथे हवाबंद भट्टीत चार-पाचशे अंशांवर टायरचं तेल, वायू आणि कार्बनची पूड होते. तार वेगळी निघते. मार्ग चुकीचा नाही, पण मी अशा ठिकाणी काम केलंय. पुढची खेप घालायच्या घाईत भट्टी गार होण्याआधी दार उघडतात, आतल्या गरम वाफेला हवा मिळते आणि भडका दारातल्या माणसावर येतो. नायट्रोजननं वाफ बाहेर काढून, गार करून उघडणारा कारखाना जवळपास मला माहीत नव्हता.

म्हणून टायर रबराचा चुरा करणाऱ्या क्रम्बवाल्याकडे गेला. तिथे आधी बीडची जाड तार ओढून काढतात, नाहीतर श्रेडरची पाती बोथट होतात. मग तुकडे, मग दाणे, आणि चुंबकावर उरलेलं स्टील. हे रबर एकदा शिजलेलं असल्यानं त्याचा सरळ नवा टायर होत नाही. ते डांबरात मिसळतात किंवा त्याच्या मॅट करतात.

संध्याकाळी फडकं घेऊन मी त्याच लॉटमधले उरलेले पाच टायर काढले. त्यातले चार सकाळी पास केले होते. दोन टायरांचा रंग फडक्यावर आला.