राधानगरीचा दरवाजा आणि रात्रीची क्लिप

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका छोट्या वृत्तवाहिनीच्या टीमपुढे बोलायला गेले होते. विषय त्यांनीच दिला होता: ब्रेकिंगच्या क्लिपा काही तासांत का विझतात आणि पुन्हा कधी टाकाव्यात. मी तयार करून नेलेल्या स्लाइड बाजूलाच राहिल्या, कारण आदल्या रात्रीचं ताजं प्रकरण त्यांच्याच डेस्कवर होतं.

रात्री साडेअकराच्या सुमारास राधानगरी धरणाच्या 7 स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला. प्रतिनिधीने छोटा व्हिडिओ पाठवला, डेस्कने तो लगेच यूट्यूबवर टाकला. तासभर तो जोरात चालला, पहाटे तीनला जवळजवळ थांबला. सकाळी सातच्या शिफ्टला आलेल्या मुलाने तीच फाइल, तोच मथळा देऊन पुन्हा टाकली. या वेळी ती चाललीच नाही. खाली कमेंट मात्र होत्या: "हा गेल्या वर्षीचा आहे का?"

"मॅडम, रात्री लोक झोपलेले असतात. सकाळी टाकलं तर चुकलं कुठं?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. क्लिप दोन कारणांनी पडते. एक तर बघणारे झोपलेले असतात, नाहीतर बातमीच शिळी झालेली असते. पडलेला आलेख दोन्ही वेळा सारखाच दिसतो, आणि तिथेच फसायला होतं. म्हणून त्यांच्याच यूट्यूब स्टुडिओत मागच्या 48 तासांचे तासागणिक स्तंभ उघडले आणि शेजारी त्यांचाच, बारा महिने थोडाथोडा बघितला जाणारा अंबाबाई मंदिराचा व्हिडिओ लावला. मध्यरात्रीनंतर दोन्ही पडले होते, म्हणजे ती झोपेची वेळ. पण सकाळी सहापासून मंदिराचा व्हिडिओ चढायला लागला आणि दरवाजाची क्लिप तशीच तळाला राहिली. लोक जागे झाले होते, त्यांना ती नको होती. प्रेक्षक व्हिडिओ नेमका कुठे सोडून गेले, हे आकडे यायला एक-दोन दिवस लागतात. सकाळी सातला निर्णय घ्यायचा तर हे तासाचे स्तंभच हाताशी असतात.

फळ्यावर एक साधं गणित मांडलं. समजा पहिल्या तासात हजार जणांनी बघितली आणि पुढच्या प्रत्येक तासाला आधीच्या तासाचे साठ टक्केच उरले: हजार, सहाशे, तीनशे साठ. असं कितीही दिवस चाललं तरी बेरीज अडीच हजारांवर जात नाही, आणि त्यातले जवळपास दोन हजार पहिल्या तीन तासांतच येऊन गेलेले असतात. म्हणून चौथ्या तासाला मथळा बदलून, थंबनेल बदलून फारसं काही हाती लागत नाही. ती मेहनत पहिल्या अर्ध्या तासातली.

मग सकाळी लोकांना काय हवं होतं? कमेंटमध्येच दिसत होतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? इथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे नदीकाठच्या माणसाला तोंडपाठ असतं. रात्रीचा प्रश्न 'दरवाजा उघडला का' हा होता, सकाळचा 'पाणी आपल्यापर्यंत आलं का' हा.

त्याहून गंभीर गोष्ट प्रतिनिधीनेच सांगितली. हे दरवाजे धरणातली पातळी वाढली की आपोआप उघडतात आणि उतरली की आपोआप मिटतात. रात्री उघडलेला दरवाजा पहाटेच बंद झाला होता. म्हणजे सात वाजता 'दरवाजा उघडला' हा मथळा खोटा होता. पुराच्या दिवसांत अशा मथळ्यावर माणसं जनावरं हलवतात, सामान माळ्यावर चढवतात. मला ते ऐकून खरंच अस्वस्थ वाटलं.

माझं म्हणणं मी स्पष्ट मांडलं. तीच क्लिप तशीच पुन्हा टाकायची ती एकदाच, आणि तेही बातमी त्या मिनिटाला खरी असेल व लोकांना बघायची संधीच मिळाली नसेल तर. टाकण्याआधी प्रतिनिधीला फोन करायचा. दरवाजा सातला उघडाच असता, तर मीही पुन्हा टाकायला सांगितलं असतं. तो मिटला होता, म्हणून नवी क्लिप हवी होती: आधी बंधाऱ्याची आत्ताची पातळी, मग 'रात्री उघडलेला दरवाजा पहाटे बंद', आणि रात्रीची दृश्यं वेळेसकट काही सेकंदच.

संपादक म्हणाले, बाकीचे तर एकच क्लिप तीन-तीनदा टाकतात. टाकतात खरं, पण तिसऱ्या वेळी 'गेल्या वर्षीचा आहे का' असं विचारणारा प्रेक्षक पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही तेच विचारतो.

रात्रीची क्लिप काढून टाकायची का, यावर बराच वेळ गेला. मी नको म्हटलं. तिची लिंक गावोगावच्या ग्रुपवर फिरत असते. ती उघडणाऱ्याला 'दरवाजा पहाटे बंद झाला' हे मथळ्यातच दिसायला हवं. पण फाइल म्हणून व्हॉट्सॲपवर गेलेल्या व्हिडिओचा मथळा आपल्या हातात राहत नाही. त्यावर उपाय एकच: तारीख, वेळ आणि ठिकाण चित्रावरच, कापता येणार नाही अशा जागी, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. डेस्कवरच्या मुलीने तेव्हाच एडिटिंगच्या टेम्प्लेटमध्ये ती पट्टी बसवायला घेतली.